मोठा गेम ‘पेंडिंग’वर का अडकतो आणि डाउनलोड पुन्हा कसे सुरू करावे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चतुर्थीच्या दिवसांत फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे अशा ठिकाणच्या मूळ घरी सगळे जण जमले की मुलांच्या फोनवर हीच अडचण हमखास दिसते. गेमच्या नावाखाली ‘पेंडिंग’ लिहिलेले असते, गोल चक्र फिरत राहते आणि टक्केवारीचा आकडा मात्र येत नाही. पुढील उत्तरे मुख्यतः अँड्रॉइड फोनवरच्या प्ले स्टोअरविषयी आहेत. आयफोनविषयीचा प्रश्न शेवटाकडे घेतला आहे. बटणांची नावे पडद्यावर दिसतात तशीच दिली आहेत, मात्र फोनच्या कंपनीनुसार त्यांत थोडाफार फरक असू शकतो.

‘पेंडिंग’ म्हणजे डाउनलोड बिघडले, असे समजावे का?

नाही. ‘पेंडिंग’चा अर्थ एवढाच की स्टोअरने तुमची मागणी नोंदवून घेतली आहे, परंतु काम सुरू करण्यासाठी लागणारी एखादी अट अजून पूर्ण झालेली नाही. ती अट बहुधा तीनपैकी एक असते: स्टोअरला चालेल असे नेटवर्क हवे असते, रांगेत पुढे असलेली दुसरी डाउनलोड संपायला हवी असतात किंवा फोनमध्ये पुरेशी मोकळी जागा हवी असते. स्टोअरचा स्वतःचा साठवलेला तपशील गोंधळल्यामुळे काम अडणे हे चौथे कारण आहे, पण लोक समजतात त्यापेक्षा ते बरेच कमी वेळा आढळते. म्हणून आधी अट कोणती ते ओळखावे आणि मगच हात घालावा. फोन रीसेट करण्यापासून सुरुवात करणाऱ्यांचे नुकसान झालेले मी पाहिले आहे. अडचण केवळ एका सेटिंगची होती आणि गेली ती मात्र गेममधली प्रगती.

आकडा दिसत असेल, म्हणजे उदाहरणार्थ ३४ टक्क्यांवर डाउनलोड थांबले असेल, तर ती अडचण वेगळी आहे. तेथे अट पूर्ण होऊन काम सुरू झालेले असते आणि मध्येच नेटवर्क मंदावलेले किंवा तुटलेले असते. या दोन स्थितींत गल्लत केल्यास पुढचे सगळे उपाय चुकतात.

वाय-फायचे चिन्ह पूर्ण दिसते, व्हिडिओही चालतात, तरी गेम ‘पेंडिंग’ का राहतो?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो. याचे उत्तर फारसे कोणी सांगत नाही, म्हणून ते जरा सविस्तर देतो.

अँड्रॉइड फोन प्रत्येक नेटवर्कचे मनातल्या मनात दोन गटांत वर्गीकरण करतो. एका गटात डेटा मोजून मिळणारी नेटवर्क असतात आणि दुसऱ्यात डेटा न मोजता मिळणारी. मोबाइल डेटा पहिल्या गटात जातो, घरची फायबर जोडणी दुसऱ्या गटात. दुसऱ्याच्या अँड्रॉइड फोनचा हॉटस्पॉट मात्र वाय-फाय असूनही पहिल्या गटात जातो, कारण जोडणी होतानाच हॉटस्पॉट देणारा फोन समोरच्या फोनला ‘माझा डेटा मोजला जातो’ अशी खूण पाठवतो. पडद्यावर वाय-फायचेच चिन्ह दिसत असल्यामुळे माणसाला हा फरक कळत नाही. स्टोअरला तो कळतो. स्टोअरमध्ये ‘फक्त वाय-फायवर डाउनलोड करा’ अशी निवड झालेली असली, की हॉटस्पॉटवर मोठा गेम सुरूच होत नाही. तो खऱ्या, न मोजल्या जाणाऱ्या वाय-फायची वाट पाहत बसतो.

व्हिडिओ आणि संदेश चालतात, कारण ते अॅप तुम्ही स्वतः उघडून समोर ठेवलेले असते आणि त्याला ही अट लागू नसते. त्यामुळे व्हिडिओ चालतो याचा अर्थ डाउनलोडही व्हायलाच हवे, असा होत नाही.

याची खात्री कशी करावी आणि मार्ग कोणता?

दोन ठिकाणे तपासावीत. पहिले ठिकाण स्टोअरमध्येच आहे. उजवीकडे वर असलेल्या तुमच्या चित्रावर बोट ठेवावे, Settings उघडावे, त्यात Network preferences आणि त्याखाली App download preference. तेथे Over any network, Over Wi-Fi only आणि Ask me every time असे पर्याय दिसतात. मधला पर्याय निवडलेला असेल आणि तुम्ही हॉटस्पॉटवर किंवा मोबाइल डेटावर असाल, तर कारण सापडले असे समजण्यास हरकत नाही. Over any network निवडून परत आल्यावर डाउनलोड बहुधा मिनिटभरात आपोआप हलू लागते.

दुसरे ठिकाण फोनच्या सेटिंगमध्ये असते. वाय-फायच्या यादीत तुम्ही जोडलेल्या नेटवर्कच्या शेजारचे चाकाचे चिन्ह दाबले की Network usage किंवा Metered अशा नावाची ओळ दिसते. तेथे ‘आपोआप ओळखा’ ऐवजी Treat as unmetered निवडल्यास फोन त्या हॉटस्पॉटला घरच्या वाय-फायसारखे वागवतो. हा बदल फक्त त्या एका नेटवर्कपुरता राहतो. माझ्या मते हा दुसरा मार्ग हॉटस्पॉट तुमचा स्वतःचा असेल किंवा देणाऱ्याला विचारले असेल, तरच वापरावा. एकदा खूण बदलली की गेमच नव्हे, तर फोटोंची प्रत ठेवणारे अॅप आणि सगळी अद्यतनेही त्याच डेटावर तुटून पडतात आणि पाहुण्याच्या रिचार्जचा फडशा पडतो.

याच फेरीत Data Saver चालू नाही ना, हेही पाहून घ्यावे. मोबाइल डेटावर असताना तो चालू असेल, तर पार्श्वभूमीतली कामे अडवली जातात.

एखादे प्रत्यक्ष उदाहरण सांगता येईल का?

सत्तरीतल्या आमच्या मूळ घरी गेल्या चवथीला घडलेला प्रसंग सांगतो. तेथे फायबर नाही आणि मोबाइलचे जाळेही अंगणात बरे, घरात बेताचे. भाच्याने वहिनीच्या फोनचा हॉटस्पॉट घेऊन १.८ जीबीचा गेम लावला होता. चाळीस मिनिटे ‘पेंडिंग’ पाहून तो माझ्याकडे आला. ‘मामा, वाय-फाय तर पूर्ण आहे, मग हे चालत का नाही?’ तोपर्यंत त्याने फोन दोनदा बंद करून चालू केला होता आणि गेम चार वेळा रद्द करून पुन्हा लावला होता.

स्टोअरमध्ये पाहिले तर निवड Over Wi-Fi only अशी होती. वहिनीला विचारून त्या हॉटस्पॉटला Treat as unmetered केले आणि दुसरे काहीही न करता थांबलो. मिनिटभरात आकडा चढू लागला. पुढे मात्र तो ६१ टक्क्यांवर येऊन अडला. या वेळी ‘पेंडिंग’ असे लिहिलेले नव्हते, आकडा नुसता गोठला होता, म्हणून कारणही वेगळे शोधावे लागले. वहिनीच्या रिचार्जमध्ये दिवसाला १.५ जीबी मिळत होते. सकाळपासून ०.४ जीबी वापरले गेले होते, उरलेले १.१ जीबी गेमने घेतले आणि कोटा संपला. १.८ पैकी १.१ म्हणजे ६१ टक्के, हिशेब तंतोतंत जुळला.

कोटा संपल्यावर तिच्या योजनेत वेग ६४ केबीपीएसवर येत होता. त्या वेगाने उरलेले ०.७ जीबी उतरायला २४ तासांहून अधिक लागले असते. म्हणून आम्ही डाउनलोड रद्द केले नाही आणि हॉटस्पॉट तेवढा बंद केला. मध्यरात्रीनंतर नवा कोटा मिळालेला असल्याने सकाळी हॉटस्पॉट पुन्हा लावला. गेम ६१ टक्क्यांपासूनच पुढे गेला आणि आरतीच्या आधी संपला.

‘पेंडिंग’ दिसल्यावर रद्द करून पुन्हा लावले तर नुकसान होते का?

आकडा आलाच नसेल, तर काहीही उतरलेले नसते आणि रद्द केल्याने काही जात नाही. पण आकडा बराच पुढे गेलेला असताना रद्द केल्यास उतरलेला भाग सहसा टाकून दिला जातो आणि सुरुवात शून्यापासून करावी लागते. पावसाळ्यात वीज गेली की राउटर बंद पडतो आणि फोन मोबाइल डेटावर जातो. त्या वेळी अर्ध्यावर आलेले डाउनलोड पुन्हा वाट पाहू लागते. घाबरून रद्द करू नये. वीज येऊन वाय-फाय जोडले गेल्यावर ते थांबले होते तेथूनच पुढे चालते.

वाय-फाय घरचेच आहे, फायबर आहे, तरी ‘पेंडिंग’ हटत नाही. आता काय पाहावे?

रांग पाहावी. स्टोअरमध्ये तुमच्या चित्रावर बोट ठेवून Manage apps & device उघडले, की सध्या काय उतरत आहे आणि काय थांबले आहे ते दिसते. स्टोअर एका वेळी मोजकीच कामे हाती घेते. अनेक दिवस मोबाइल डेटावर असलेला फोन घरच्या वाय-फायवर आला की वीस-तीस अॅपची अद्यतने एकदम जागी होतात आणि तुमचा गेम त्यांच्या मागे उभा राहतो. या यादीत गेम सोडून बाकी सर्वांपुढची फुली दाबावी. अद्यतने रद्द केल्याने कोणतेही अॅप जात नाही, जुनी आवृत्ती तशीच राहते आणि अद्यतने नंतर सावकाश करता येतात. रांग मोकळी झाल्यावर गेमही एकदा रद्द करून पुन्हा Install दाबावे, म्हणजे तो पहिल्या क्रमांकावर येतो.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. फोन चार्जिंगला लावल्याशिवाय डाउनलोड होत नाही, असे पुष्कळ जण सांगतात. फोन चार्जिंगला असावा आणि कोणी वापरत नसावा, ही अट स्टोअर आपोआप करत असलेल्या अद्यतनांसाठी असते. तुम्ही स्वतः Install दाबून लावलेल्या गेमला ती लागू नाही.

जागा किती मोकळी असायला हवी?

स्टोअरमध्ये गेमच्या पानावर दिसणारा आकडा हा उतरवायच्या, दाबून लहान केलेल्या फायलींचा असतो. त्या उलगडून बसवल्या की त्यांचे आकारमान वाढते आणि बसवण्याचे काम चालू असताना दोन्हींसाठी काही काळ जागा लागते. म्हणून मी स्वतः आकड्याच्या दुप्पट जागा मोकळी असल्याशिवाय मोठा गेम लावत नाही. १.८ जीबीच्या गेमला साडेतीन ते चार जीबी. हा माझा ठोकताळा आहे, स्टोअरचा नियम नव्हे.

जागा अगदीच अपुरी असेल तर स्टोअर तसा स्पष्ट संदेश देते. त्रास होतो तो जागा काठावर असताना. डाउनलोड पूर्ण होते आणि बसवताना अडते, किंवा ‘पेंडिंग’ आणि थोडासा आकडा यांच्यात हेलकावे खात राहते. जागा करताना आधी संदेशांच्या अॅपमधले जुने व्हिडिओ काढावेत, आणि गॅलरीतून काढलेले फोटो कचरापेटीत महिनाभर जागा अडवून बसतात हे लक्षात ठेवून ती पेटीही रिकामी करावी.

मेमरी कार्ड घातल्याने हा प्रश्न सहसा सुटत नाही. स्टोअर गेम आधी फोनच्या आतल्या जागेतच बसवते.

वरचे सगळे तपासले. स्टोअर स्वतःच अडकले असेल तर ते पुन्हा कसे सुरू करावे?

आता चौथ्या कारणाकडे वळावे, तेही सौम्य उपायापासून क्रमाने. एक पायरी झाली की स्टोअर उघडून दोन-तीन मिनिटे वाट पाहावी आणि गेम हलला तर तेथेच थांबावे.

फोनच्या Settings मध्ये Apps उघडून यादीतून Google Play Store निवडावे. प्रथम Force stop दाबावे. मग Storage & cache मध्ये जाऊन Clear cache दाबावे. या दोन्हींनी कशालाही धक्का लागत नाही. त्यानंतर फोन एकदा बंद करून चालू करावा.

तरीही गेम हलला नाही, तर त्याच ठिकाणचे Clear storage दाबावे. हे नाव वाचून लोक घाबरतात, म्हणून स्पष्ट सांगतो: यामुळे तुमची अॅप, फोटो किंवा गेममधली प्रगती जात नाही. जातात त्या स्टोअरमध्ये केलेल्या निवडी, म्हणजे कोणत्या नेटवर्कवर डाउनलोड करावे, आपोआप अद्यतन हवे की नको, मुलांसाठी लावलेली वयाची मर्यादा वगैरे. त्या पुन्हा लावाव्या लागतात. मुलाच्या फोनवर हा उपाय केला असेल, तर वयाची मर्यादा परत लावण्यास विसरू नये.

Google Play services या वेगळ्या नावाच्या अॅपची कॅशही अशीच साफ करता येते. पण त्याचे Clear storage दाबण्याची घाई करू नये. फोनमधल्या पुष्कळ सेवा त्याच्या आधाराने चालतात, आणि पैसे देण्यासाठी जोडलेली कार्डे वगैरे पुन्हा जोडावी लागू शकतात.

शेवटची पायरी Google Play Store च्याच पानावर, वरच्या तीन ठिपक्यांमागे असते: Uninstall updates. यामुळे स्टोअर फोनसोबत आलेल्या मूळ आवृत्तीवर जाते आणि काही वेळाने स्वतःच नवे होते. नवे होत असताना गेम लावू नये, थोडा वेळ जाऊ द्यावा.

तारीख चुकीची असणे, व्हीपीएन वगैरेंचा यात काही संबंध असतो का?

असतो. फोनची तारीख-वेळ चुकली असेल तर सर्व्हरशी सुरक्षित जोडणीच होत नाही. बॅटरी पूर्ण उतरून फोन बंद राहिल्यानंतर हे होऊ शकते, म्हणून वेळ आपोआप घेण्याचा पर्याय चालू ठेवावा. व्हीपीएन किंवा जाहिराती अडवण्यासाठी लावलेला Private DNS असेल, तर तो तात्पुरता बंद करून पाहावा. हॉटेलात किंवा कॅफेत वाय-फाय जोडल्यावर लॉगिनचे पान येते. ते पूर्ण भरेपर्यंत चिन्ह दिसले तरी इंटरनेट मिळत नाही आणि डाउनलोड अडून राहते.

स्टोअरमध्ये गेम बसला, पण उघडल्यावर पुन्हा १-२ जीबी मागतो आणि तेथे अडकतो. हे तेच आहे का?

नाही, आणि स्टोअरची कॅश साफ करून याचा काही उपयोग होत नाही. पुष्कळ मोठे गेम स्टोअरमधून फक्त पहिला भाग देतात. नकाशे, आवाज, उच्च दर्जाची चित्रे असा उरलेला साठा गेम स्वतः, आपल्या सर्व्हरवरून आणतो. म्हणून स्टोअरवरचा आकडा लहान दिसला तरी फोनमधली जागा नंतर भसकन संपते. हा साठा उतरत असताना अनेक गेम पडदा चालू आणि गेम समोर असावा अशी अपेक्षा ठेवतात. पडदा आपोआप बंद होण्याची वेळ दहा मिनिटांवर न्यावी, बॅटरी सेव्हर बंद करावा आणि फोन चार्जिंगला लावून ठेवावा. गेमच्या आत चित्रांचा दर्जा निवडता येत असेल, तर आधी सर्वांत लहान साठा घ्यावा. बाकीचा नंतरही मिळतो.

इतके करण्यापेक्षा एखाद्या संकेतस्थळावरून गेमची फाइल घेतली तर?

माझा सल्ला ठामपणे ‘घेऊ नये’ असा आहे. सुरक्षिततेचा भाग आहेच, पण त्याआधी तांत्रिक अडचण पाहा. स्टोअर मोठा गेम एका फायलीत देत नाही. तुमच्या फोनचा प्रोसेसर, पडदा आणि भाषा पाहून योग्य तुकडे निवडते आणि खेळाच्या साठ्याची पाकिटे वेगळी पाठवते. बाहेरून मिळणाऱ्या एकट्या फायलीत ही पाकिटे बहुधा नसतात, त्यामुळे गेम बसतो आणि उघडताच बंद पडतो. तो पुढे स्टोअरमधून अद्ययावत होईल याचीही खात्री नसते.

आयफोनवर हीच अडचण कशी ओळखावी?

तेथे गेमचे चिन्ह करडे होते आणि खाली ‘वेटिंग’ दिसते. Settings मध्ये, नव्या आवृत्तींत Apps या ओळीच्या आत, App Store उघडून मोबाइल डेटाखालचा App Downloads पर्याय पाहावा. तेथे Ask If Over 200 MB अशी निवड असेल, तर २०० एमबीपेक्षा मोठ्या गेमसाठी फोन आधी विचारतो. तो प्रश्न नजरेतून सुटला की गेम थांबून राहतो. Low Data Mode चालू असेल तर तो बंद करावा. अनेक अॅप एकदम उतरत असतील तर गेमचे चिन्ह दाबून धरावे, Prioritize Download असा पर्याय मिळतो आणि गेम रांगेत पुढे येतो.

डाउनलोड खरोखर चालू झाले हे कसे ओळखावे?

टक्क्यांऐवजी एमबीचा आकडा पाहावा. २ जीबीच्या गेमचा एक टक्का म्हणजे सुमारे २० एमबी, त्यामुळे मंद जाळ्यावर टक्का बराच वेळ हलत नाही आणि काम अडल्यासारखे वाटते. स्टोअरच्या पानावर उतरलेले एमबी दिसत नसतील, तर टक्के आणि गेमचा एकूण आकार यांवरून ते काढावेत. ते एक मिनिट पाहावेत. दहा एमबीपीएसचा स्थिर वेग असेल तर मिनिटाला सुमारे ७५ एमबी वाढायला हवेत आणि १.८ जीबीचा गेम २४ मिनिटांत संपायला हवा. मिनिटाला अर्धा एमबीच वाढत असेल, तर डाउनलोड चालू आहे पण डेटाचा दिवसाचा कोटा संपला आहे, असे समजून रिचार्जचे अॅप उघडून पाहावे. आकडा मुळीच वाढत नसेल आणि ‘पेंडिंग’ परत आले असेल, तर फोनने वाय-फाय सोडले आहे का, हे सर्वांत आधी पाहावे.